पाच पेशी काय सांगतात

[सूक्ष्मदर्शकाखालचा गर्भ, पूर्ण पडदाभर]

हा गर्भ पाच दिवसांचा आहे. आकार जेमतेम मिलिमीटरचा पाचवा भाग, पण आत शंभराहून जास्त पेशी आहेत. एका कडेला दाट पुंजका दिसतो, त्यातून बाळ घडेल. बाहेरच्या पातळ थराची पुढे वार होईल.

डावीकडच्या काचेच्या नळीनं गर्भ हळूच धरून ठेवलाय. उजवीकडून दुसरी, त्याहून बारीक नळी येते. बाहेरच्या थराचा एक कोपरा ती आत ओढते, लेझरचे दोन-तीन झटके बसतात आणि पाच-सहा पेशी सुट्या होतात. पुंजक्याला कुणी हात लावलेला नाही.

[लहान प्लास्टिक नळी, त्यावर क्रमांक लिहिणारा हात]

गर्भात आनुवंशिक आजार आहे का, हे तपासायला या पेशी आता जनुकीय प्रयोगशाळेत जातील. गर्भ मात्र इथंच, नागपुरात, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये थांबेल. नळीवरचा क्रमांक दुसरी व्यक्ती मोठ्यानं वाचते आणि पहिली तपासते. सगळ्या प्रक्रियेत यंत्राशिवाय होणारं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. इथं अदलाबदल झाली, तर पुढचा अचूक अहवालही चुकीच्या गर्भाचा असतो.

[घराचं अंगण, पाठमोरं जोडपं]

हे गर्भ ज्यांचे आहेत, ते दोघंही सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक. विदर्भात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शाळेतल्या रक्ततपासणीपासून तो घराघरांत पोचलाय. वाहक म्हणजे एएस पॅटर्न, दोष एकाच बाजूनं आलेला. स्वतःला सहसा त्रास नसतो. दोन वाहकांच्या प्रत्येक बाळाला मात्र चारात एक शक्यता असते की दोन्ही बाजूंनी दोष येईल आणि पॅटर्न एसएस निघेल. यांची मोठी मुलगी सात वर्षांची आहे. तिचा पॅटर्न एसएस आहे.

[आजी, ओट्यावर]

"थंडी पडली का पोरगी रात्र-रात्र रडत राहते. हातपाय दुखून राहिले म्हणते. दवाखान्यात भरती करा लागते, बाप्पा."

[रक्ताचे नमुने घेताना]

गर्भतपासणीची तयारी आयव्हीएफच्या आधीच सुरू होते, आणि तीच सगळ्यात कमी दाखवली जाते. म्हणून आम्ही इथं थोडं थांबणार आहोत.

सिकल सेलचा दोष अकराव्या रंगसूत्रावरच्या एका जनुकात असतो. तिथं एकच अक्षर बदललेलं असतं. रक्ताच्या नमुन्यात ते शोधणं सोपं, कारण तपासायला लाखो पेशी असतात. इथं पाचच आहेत. त्यांतला डीएनए आधी अनेक पटींनी वाढवावा लागतो, आणि वाढवताना कधीकधी आईकडून किंवा वडिलांकडून आलेली एक प्रत वाढतच नाही. मग एएस गर्भ एसएससारखा दिसतो आणि चांगला गर्भ बाजूला पडतो. उलट धोकाही आहे: आईची एखादी पेशी चिकटून आली, तर खराखुरा एसएस गर्भ एएस वाटू शकतो. म्हणूनच बीजांड आधी स्वच्छ केलं जातं आणि एकच शुक्राणू सुईनं आत सोडला जातो.

तरीही एका अक्षरावर भरवसा ठेवत नाहीत. त्या जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा आई-वडिलांत वेगवेगळ्या असतात. आईच्या दोन प्रतींपैकी दोषाची कोणती, हे त्या खुणांवरून ओळखायचं, तर आधी एक माहीत असलेला नमुना हवा. इथं तो मोठ्या मुलीच्या रक्तानं दिला. तिच्यात दोन्ही दोष आहेत, म्हणून तिच्या खुणा म्हणजे दोषाच्या खुणा. घरात असं मूल नसेल, तर आजी-आजोबांचं रक्त मागतात. अशी तयारी न करता थेट गर्भ तपासून देऊ म्हणणाऱ्या केंद्राला आधी प्रश्न विचारा: खुणा कुणाच्या रक्तावरून ठरवणार?

[बीजांडांची मोजणी, पडद्यावर वर्तुळं]

अकरा बीजांडं मिळाली. नऊ पक्व होती, सात फळली, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तपासता येण्याजोगे चार गर्भ उरले. प्रत्येकाची सिकल सेलसाठी तपासणी झाली. आईचं वय ३६ असल्यामुळे त्याच नमुन्यात रंगसूत्रंही मोजायची ठरली.

[अहवाल, डॉक्टरांचं बोट एकेका ओळीवर]

पहिला गर्भ एसएस. दुसऱ्यात सिकल सेलचा एकच दोष, म्हणजे एएस. पण सोळाव्या रंगसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन. असा गर्भ रुजला तरी सहसा पहिल्या तीन महिन्यांत पडतो. तिसऱ्यात आईकडच्या खुणा स्पष्ट दिसल्या, वडिलांकडच्या आल्याच नाहीत. त्यापुढं लिहिलंय: निष्कर्ष नाही. चौथा एएस, रंगसूत्रं पूर्ण.

बाई विचारतात, "म्हणजे हा पण सिकलचाच ना?" डॉक्टर म्हणतात, "ताई, हा तुमच्यासारखा. तुम्हाला आहे का त्रास?" वाहक गर्भ गर्भाशयात सोडायला काही हरकत नसते. एएस गर्भ नाकारला, तर निम्मे गर्भ विनाकारण जातात. हे आम्ही मुद्दाम पुन्हा सांगतोय, कारण घरच्यांच्या दबावाखाली ते नाकारले जातात.

निष्कर्ष न आलेल्या तिसऱ्या गर्भातून पुन्हा पेशी काढता येतात. त्यासाठी तो एकदा वितळवून परत गोठवावा लागतो. त्या दोघांनी त्याला तसाच ठेवायचं ठरवलं.

अहवालात मुलगा की मुलगी हे नाही. माहिती त्याच डीएनएत असते, पण पीसीपीएनडीटी कायद्यानं ती सांगायला बंदी आहे. आयव्हीएफवरचा २०२१ चा कायदाही ही तपासणी आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठी असल्याचं सांगतो.

[प्रयोगशाळेतला संगणक, रंगसूत्रांचा आलेख]

रंगसूत्रांच्या आलेखात एखादी रेघ अर्धवट वर जाते. काही पेशींत दोष, काहींत नाही. पेशी वारेच्या थरातल्या आहेत, बाळाच्या पुंजक्यातल्या नाहीत, आणि दोन्हींत नेहमी तेच असेल असं नाही. त्यामुळे असे मिश्र निकाल आले की केंद्र आणि जोडपं बसून ठरवतात. यंत्राकडे त्याचं उत्तर नसतं.

ही तपासणी विचारलेल्याच जागी पाहते. सिकल सेल आणि रंगसूत्रांची संख्या विचारली, तर हृदयाला भोक, स्वमग्नता किंवा बाळात नव्यानं झालेला एखादा दोष ती सांगणार नाही. पत्नी सिकलची वाहक आणि पती थॅलेसेमियाचा असेल, तर दोन्ही दोष आधी कळवावे लागतात, नाहीतर दुसरा शोधलाच जात नाही. शिवाय गर्भ रुजेल याचीही हमी नसते.

खर्च लाखांत जातो. ज्यांना तो झेपत नाही, त्यांना दुसरी वाट आहे: नैसर्गिक गर्भधारणा, आणि अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना. तिथं एसएस निघाला तर गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय पोटात वाढत्या बाळासह घ्यावा लागतो. गर्भाची आधी तपासणी ही वेळ येण्याची शक्यता खूपच कमी करते.

[दवाखान्याचा दरवाजा, जोडपं आत जाताना]

चौथा गर्भ गर्भाशयात सोडला. रुजला. आधीच्या तपासणीत चूक राहू शकते, म्हणून बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेतला. निकाल आला: एएस. आता बाळाच्या दोन मावशांची आणि काकाची रक्ततपासणी व्हायची आहे, त्यांच्या लग्नाआधी.