निम्म्या ओळखी असल्या की गोल टेबल जमतंच

बसा सगळे, मागे जागा आहे अजून. आज एकच प्रमेय घेणार आहे आणि ते पूर्ण सिद्ध करून दाखवणार आहे, कारण या प्रमेयात नुसतं विधान पाठ करून काही हाती लागत नाही, खरी मजा सिद्धतेत आहे.

प्रश्न असा. एक ग्राफ आहे, म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. सगळ्या बिंदूंमधून नेमकं एकेकदा जाऊन सुरुवातीच्या बिंदूला परत येणारी वाट सापडेल का? हिला हॅमिल्टन सायकल म्हणतात, आणि मी ती माणसांच्या भाषेत सांगतो, म्हणजे डोळ्यासमोर राहील. n माणसं आहेत, काही एकमेकांना ओळखतात, काही नाही. सगळ्यांना गोल टेबलाभोवती असं बसवायचंय की प्रत्येकाच्या दोन्ही बाजूला ओळखीचाच माणूस हवा. कुणाच्या किती ओळखी आहेत ती त्याची डिग्री.

गॅब्रिएल डिरॅकने १९५२ साली दाखवलं की माणसं किमान ३ असतील आणि प्रत्येकाच्या ओळखी n च्या निम्म्या किंवा जास्त असतील तर असं टेबल जमतंच जमतं. हा गॅब्रिएल म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकचा सावत्र मुलगा, नावावरून घोटाळा होतो म्हणून सांगितलं. कोण कुणाला ओळखतं हे या अटीत कुठेच विचारलेलं नाही, फक्त आकडा विचारलाय, आणि मला पहिल्यांदा वाचताना हेच खरं वाटेना.

आता सिद्धता. सगळ्यांना आधी कसंही बसवून टाका, काही विचार करू नका. मग फिरून बघा, शेजारी बसलेली कुठली जोडी अनोळखी आहे. अशा प्रत्येक जागेला आपण फट म्हणू. एकही फट नसेल तर काम झालं. असेल तर ती एक फट घ्या, तिथे अ बसलाय आणि त्याच्या लगेच पुढे ब, आणि दोघं अनोळखी. आता पुढे कुठेतरी क आणि त्याच्या लगेच पुढे ड अशी शेजारची जोडी शोधायची की अ हा क ला ओळखतो आणि ब हा ड ला ओळखतो. सापडली की ब पासून क पर्यंत बसलेल्या सगळ्यांना उलट क्रमाने बसवायचं, बस. त्या तुकड्याच्या आतले शेजार तसेच राहतात, फक्त दिशा उलटते. बदल होतो तो दोन टोकांना, अ च्या शेजारी क येतो आणि ब च्या शेजारी ड, दोन्ही ओळखीचे. अ-ब ची फट गेली, नवीन फट एकही आली नाही, आणि क-ड मध्ये आधी फट असेल तर तीही गेली.

लहान उदाहरण करून बघू. ६ माणसं, १, २, ३ एकमेकांना ओळखतात, ४, ५, ६ एकमेकांना ओळखतात, शिवाय १ ची ४ शी, २ ची ५ शी, ३ ची ६ शी ओळख. प्रत्येकाच्या ३ ओळखी, म्हणजे बरोब्बर निम्म्या. १, २, ३, ४, ५, ६ असं बसवलं तर ३-४ मध्ये फट आहे आणि ६-१ मध्ये फट आहे. ३-४ ची फट घेऊ. अ म्हणजे ३, ब म्हणजे ४. पुढे सरकत जोड्या बघा: ४-५ चालत नाही कारण ३ हा ४ ला ओळखत नाही, ५-६ पण नाही कारण ३ हा ५ ला ओळखत नाही, ६-१ बघा, ३ हा ६ ला ओळखतो आणि ४ हा १ ला ओळखतो. झालं! ४, ५, ६ ला उलट करा, १, २, ३, ६, ५, ४. एका झटक्यात दोन्ही फटी गेल्या, प्रत्येक शेजार तपासून बघा हवं तर.

पण अशी क-ड जोडी दर वेळी मिळेलच याची खात्री काय? इथेच निम्म्याची अट लागते. अ ज्यांना ओळखतो त्या प्रत्येकाच्या लगेच पुढच्या खुर्चीवर लाल खूण करा. निदान n/2 लाल खुणा होतील. ब ज्यांना ओळखतो त्यांच्या खुर्चीवर निळी खूण करा, त्याही निदान n/2. आता ब च्या स्वतःच्या खुर्चीवर बघा. लाल खूण तिथे नाही, कारण ती यायला अ ने स्वतःला ओळखावं लागेल, आणि निळीही नाही, कारण ब स्वतःला मोजत नाही. म्हणजे निदान n खुणा आणि त्या बसणार n−1 खुर्च्यांवर, मग कुठल्या तरी खुर्चीवर लाल आणि निळी दोन्ही येणारच. ती खुर्ची ड ची आणि तिच्या आधीची क ची. क हा ब असू शकत नाही आणि ड हा अ असू शकत नाही, कारण अ-ब अनोळखी आहेत, म्हणजे उलटापालट नीट होते. दर वेळी निदान एक फट कमी होते, सुरुवातीला फटी फार तर n, म्हणजे फार तर n वेळा उलटवून टेबल तयार, हा हिशोब कॉम्प्युटरलाही सहज झेपतो.

नीट बघितलं तर आपण फक्त अ आणि ब या अनोळखी जोडीच्या ओळखींची बेरीज n इतकी आहे एवढंच वापरलं. म्हणून प्रत्येक अनोळखी जोडीची बेरीज n किंवा जास्त असली तरी पुरतं, मग एखाद्याच्या ओळखी निम्म्याहून कमी का असेनात. ही अट ऑरे या नॉर्वेजियन गणितज्ञाची, १९६० सालची.

निम्मं थोडं कमी करून चालेल का? नाही. ५ माणसं घ्या, १, २ आणि म हे तिघं एकमेकांना ओळखतात, ३, ४ आणि म हेही तिघं, बाकी काही ओळख नाही. सगळ्यात कमी डिग्री २, आणि हवी होती अडीच, म्हणजे प्रत्यक्षात ३. इथे बरेच जण ५ च्या निम्म्याला २ धरतात आणि फसतात. १, २, म, ३, ४ असं बसवा, फट ४-१ ला. ४ ओळखतो ३ ला आणि म ला, म्हणून लाल खुणा ४ च्या आणि ३ च्या खुर्चीवर. १ ओळखतो २ ला आणि म ला, म्हणून निळ्या खुणा २ आणि म वर. चार खुणा चार वेगळ्या खुर्च्यांवर, १ ची खुर्ची सोडून सगळं भरलं तरी एकही टक्कर नाही! आणि दुसरी कुठलीही मांडणी केली तरी उपयोग नाही, म ला उठवलं की उरलेले दोन गट तुटतात, आणि गोल टेबलावरून एक माणूस उठल्यावर उरलेल्यांची साखळी अखंड राहायला हवी.

आता एक चूक, जी परीक्षेत मी दर वर्षी बघतो. अट पाळली नाही म्हणून सायकल नाही, असं लिहून मोकळे होतात. तसं नाहीये. हॅमिल्टनने १८५७ साली जो खेळ काढला त्यात १२ पंचकोनी बाजूंच्या घनाकृतीचे २० कोपरे आहेत, प्रत्येकाची डिग्री ३, आणि अट १० मागते, तरी सायकल आहे. उलट पीटरसन ग्राफ बघा, बाहेर पंचकोन, आत पाच टोकांची चांदणी, आणि पंचकोनाचा प्रत्येक कोपरा चांदणीच्या समोरच्या टोकाला जोडलेला, १० बिंदू, प्रत्येकाची डिग्री ३, आणि सायकल नाही, मात्र कुठलाही एक बिंदू काढून टाकला की उरलेल्या ९ मधून लगेच मिळते. दोन्हीकडे प्रत्येकाची डिग्री ३ च आणि उत्तरं उलटी, म्हणजे निम्म्याच्या खाली आलं की नुसत्या डिग्रीचा आकडा बोलायचाच थांबतो, आणि तिथे ग्राफची रचनाच उघडून बघावी लागते. १९७२ साली संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्पने दाखवलं की कुठल्याही ग्राफमध्ये अशी सायकल आहे का हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे, त्यासाठी सर्वसाधारण झटपट रीत कुणालाच माहीत नाही. आपली खुर्च्या उलटवायची रीत तिथे काय करते? अडकते. फट राहते, खुणा टकरत नाहीत, आणि रीत अडकली यावरून सायकल नाही असं म्हणता येत नाही. पीटरसन ग्राफ आज घरी काढून बघा, कुठलीही मांडणी घ्या आणि फटी कमी करत जा, शेवटची फट काही केल्या जाणार नाही.