कोटाचं बटण आणि दोऱ्याचा देठ

नमस्कार श्रोतेहो. जाड कापडाचा एखादा कोट घरात असेल, तर तो घालून बटणं लावा आणि आरशात बाजूने पाहा. बटणाभोवतीचं कापड आत ओढलं जाऊन तिथे खळगा पडलाय का? काजाची भोकं डोळे वटारल्यासारखी उघडी दिसतायत का? तसं असेल तर कोट घट्ट झाला म्हणून लगेच स्वतःच्या पोटाला दोष देऊ नका. बरेचदा बटण कापडाला अगदी चिकटवून शिवलेलं असतं, एवढंच कारण निघतं.

आज मी बोलणार आहे ते मागे कडी असलेल्या बटणाबद्दल. वरून पाहिलं तर या बटणाला भोकं नसतात. पाठीमागे धातूची किंवा प्लॅस्टिकची एक कडी असते आणि दोरा तिच्यातून जातो. कडी आहे म्हणजे बटण आपोआप वर उचललेलं राहील, असं आपण धरून चालतो. शर्टाच्या किंवा ब्लाउजच्या कापडावर ते खरंही असतं. कोटाची गोष्ट वेगळी. तिथे काजाच्या बाजूला वरचं लोकरी कापड, आतला कॅनव्हास आणि पुन्हा आतून दुमडून आलेलं तेच कापड, असा सगळा थर असतो. बटण लावलं की हा थर बटण आणि खालचं कापड यांच्या मधे येऊन बसतो. त्याला बसायला जागा हवी. कडीची उंची कमी पडली, तर राहिलेली उंची दोऱ्याने भरून काढायची. दोऱ्याच्या या छोट्या खांबाला मी देठ म्हणते, कारण फळ फांदीला जसं देठावर लटकतं, तसंच बटण त्याच्यावर उभं राहतं.

देठ किती उंच ठेवायचा, हे बटणाकडे पाहून ठरवू नका, काजाच्या बाजूचं कापड मोजून ठरवा. माझ्याच एका कोटाचं उदाहरण सांगते. काजाशेजारचं कापड दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरून पट्टीवर मोजलं, तेव्हा ते 6 मिलिमीटर भरलं. हलकेच म्हणजे खरोखर हलकेच, कारण लोकरी कापड दाबलं की बसतं आणि माप खोटं येतं. बटणाची कडी होती 3 मिलिमीटर. उरले 3. त्यात बटण सहज आत-बाहेर व्हावं म्हणून 1 मिलिमीटर सैल धरला, म्हणजे देठ 4 मिलिमीटरचा झाला.

आता शिवताना हे 4 मिलिमीटर धरून ठेवायचे कसे? चपट्या बटणावर आपण वरून काडी ठेवतो आणि टाके तिच्यावरून घेतो. कडीच्या बटणावर ते जमत नाही, काडी कडी आणि कापड यांच्या मधे धरावी लागते. मी त्यासाठी विणकामाची सुई वापरते. स्वेटर विणायच्या बऱ्याच सुयांवर त्यांची जाडी मिलिमीटरमधे लिहिलेली असते, त्यामुळे 4 मिलिमीटरची सुई मधे धरली की देठ बरोबर 4 मिलिमीटरचा. अशी सुई नसेल, तर आगपेटीच्या दोन काड्या एकीवर एक ठेवून दोऱ्याने बांधा, साधारण तेवढीच जाडी मिळते.

दोरा जाड आणि मजबूत घ्या. साधाच दोरा असेल तर तो दुहेरी करून मेणावरून दोनदा ओढा आणि कागदात धरून इस्त्री फिरवा. मेण दोऱ्यात मुरतं, दोरा गुंतत नाही आणि कडीवर घासूनही लवकर झिजत नाही. दुहेरी केल्यावर हातभर लांबी पुरते. त्याहून लांब घेतला की दर टाक्याला गाठ सोडवत बसायची तयारी ठेवावी लागते.

आणखी एक वस्तू लागेल, ती म्हणजे आतल्या बाजूसाठी एक छोटं चपटं बटण. हे फार जण टाळतात, पण जाड कोटावर मी ते टाळू देणार नाही. रोजच्या ओढीचा सगळा भार नाहीतर कापडाच्या चार धाग्यांवर येतो. आतलं बटण तो भार पसरवून घेतं.

सुरुवात कोटाच्या बाहेरच्या बाजूने करायची. बटणाच्या जागी गाठ आणि वर दोन बारीक उलट्या टिपा घालायच्या, नंतर सगळं बटणाखाली झाकलं जातं. सुई मागे न्यायची, छोट्या बटणाच्या एका भोकातून बाहेर काढायची, दुसऱ्या भोकातून परत पुढे आणायची आणि कडीतून ओवायची. कडीची रुंद बाजू काजाच्या चिरेला समांतर ठेवा. आडवी ठेवली तर ती काजाला फाकवत राहते. मग विणकामाची सुई मधे सरकवून असेच चार फेरे घ्या. दोरा दुहेरी असल्यामुळे चार पुरतात. मागचं छोटं बटण कापडाला घट्ट चिकटलेलं असू द्या, पण पुढचा दोरा सुईभोवती आवळू नका, नाहीतर सुई निघणार नाही.

आता सुई काढून बटण वर उचला. सगळे दोरे सारख्या ताणात उभे दिसले पाहिजेत. एखादा लोंबत असेल तर तो आत्ताच मागून ओढून घ्या, कारण वेढे घातल्यावर तो कधीच सरळ होत नाही. नंतर शिवायची सुई बटण आणि कापड यांच्या मधे बाहेर काढा आणि देठाच्या बुडापासून कडीपर्यंत पाच-सहा वेढे शेजारी शेजारी गुंडाळा. वेढे आवळलेले हवेत, पण इतके नाही की देठ मधेच कंबर दाबल्यासारखा बारीक व्हावा. पुन्हा खाली येऊन सुई देठाच्या आरपार एकदा घाला, बुडाशी दोन काजटाके घेऊन गाठ आवळा, मग सुई मागे नेऊन दोरा छोट्या बटणाखाली लपवा आणि कापा.

देठ उलट जास्त उंच झाला तर काय? बटण मान टाकतं. विशेषतः धातूचं जड बटण खाली झुकून लोंबकळतं. तेव्हा सगळं उसवून पुन्हा शिवण्याला पर्याय नाही, मी हे दोनदा केलंय. आणि कडी मुळातच उंच असेल, किंवा बटण नुसतं शोभेचं असून त्याच्यावर काज येतच नसेल, तर देठाच्या फंदात पडू नका.

तुटून हातात आलेलं बटण फेकण्याआधी दोरा नीट पाहा. दोऱ्याची टोकं कडीपाशी पिंजल्यासारखी झाली असतील, तर कडीची कड धारदार आहे. बारीक पॉलिशपेपर आतून फिरवा आणि मगच पुन्हा शिवा. दोरा शाबूत असून कोटालाच भोक पडलं असेल, तर मागे छोटं बटण नव्हतं. अशा भोकावर थेट शिवू नका, आतून फेल्टचा रुपयाएवढा तुकडा लावून घ्या आणि त्याच्यावर छोटं बटण ठेवा.

शिवून झालं की कोट बंद करा आणि बटणाच्या कडेखाली एक जाड कागद सरकवून पाहा. तो न अडता आत गेला आणि बटण तिरकं झालं नाही, तर पुढच्या बटणाकडे वळा. कापड पुन्हा मोजायची गरज नाही, तीच 4 मिलिमीटरची सुई सगळ्यांना चालेल. फक्त गळ्याजवळच्या बटणापाशी एकदा चिमटीत धरून बघा, कॉलरच्या दुमडीमुळे तिथे थर बरेचदा जाड असतो.