सराफाचं बिल: घट, मजुरी आणि जीएसटी

नमस्कार मंडळी. लग्नसराई आली की नाशकात सराफ बाजारात उभं राहायला जागा मिळत नाही, आणि त्या गर्दीत काउंटरवरचा माणूस कॅल्क्युलेटरवर टकाटक बोटं मारतो, आकडा आपल्याकडे फिरवतो आणि आपण मान हलवतो. आज आपण एका मंगळसूत्राचं बिल स्वतःच करून बघू. कागद-पेन जवळ असेल तर घ्या.

पहिली गोष्ट भाव. बातम्यांमध्ये येतो तो बहुतेक वेळा २४ कॅरेटचा, तोळ्याचा म्हणजे १० ग्रॅमचा. आपला दागिना असतो २२ कॅरेटचा, ९१६ शिक्क्याचा, त्याचा भाव साधारण त्याच्या ९१.६ टक्के येतो. त्यामुळे "आज २२ चा ग्रॅमला काय भाव, आणि जीएसटी धरून की सोडून?" असं सरळ विचारा, कारण काही ठिकाणी जीएसटी धरून भाव सांगतात आणि मग तोच जीएसटी बिलात परत लागला तर गेलेच की पैसे. हिशोब सोपा जावा म्हणून आज आपण २२ चा भाव ग्रॅमला १०,००० धरू.

आता वजन. काट्यावर मंगळसूत्र भरलं १६.२०० ग्रॅम. पण त्यात काळे मणी आहेत ना, ते १.२०० ग्रॅमचे. म्हणजे सोनं १५ ग्रॅम, यालाच नेट वजन म्हणायचं. मण्यांना सोन्याचा भाव लागला तर १२,००० रुपये जास्तीचे जातील, म्हणून बिलावर ग्रॉस आणि नेट वेगवेगळं लिहिलेलं आहे का ते आधी बघायचं. आपलं सोनं झालं १,५०,००० चं.

आता खरी गंमत, घट आणि मजुरी. घट म्हणजे घडवताना, कापताना, पॉलिश करताना जो कीस उडतो, जी धूळ होते ती. आता ती धूळ काही कोणी फेकून देत नाही हं, कारागीर जपून गोळा करतो, आणि त्याच्याकडूनही जे निसटतं ते शोधायला झारेकरी दुकानांसमोरची माती धुतात! पण बिलात घट आपल्याच नावावर लागते. समजा पहिल्या दुकानात घट ४ टक्के आणि मजुरी ग्रॅमला ५०० रुपये. १५ ग्रॅमचे ४ टक्के ०.६०० ग्रॅम, त्याचे ६,०००. मजुरी १५ गुणिले ५००, म्हणजे ७,५००. दोन्ही मिळून १३,५००. इथे एक बघा, काहीजण मजुरीसुद्धा घट धरलेल्या १५.६०० ग्रॅमवर लावतात, मग ती ७,८०० होते. "मजुरी नेटवर ना?" एवढं विचारलं की काम होतं.

दुसऱ्या दुकानात म्हणतात, "ताई, आमच्याकडे घट अजिबात नाही, फक्त मजुरी १० टक्के." ऐकायला किती छान! पण १,५०,००० चे १० टक्के १५,००० होतात, आणि पहिल्याचे १३,५०० म्हणजे ९ टक्केच. म्हणून घट आणि मजुरीची बेरीज करायची, सोन्याच्या रकमेने भागायची, शंभरने गुणायची, आणि जो टक्का येईल तोच दोन दुकानांत ताडून बघायचा. तिसऱ्या दुकानाची पाटी असते "मजुरीवर ५० टक्के सूट". मजुरी ३,७५० झाली खरी, पण घट ७ टक्के लावली तर तिचे १०,५००, बेरीज १४,२५०, म्हणजे साडेनऊ टक्के. सूट मिळूनही पहिल्यापेक्षा महाग!

आता जीएसटी. तयार दागिना घेतला की सोनं, घट, मजुरी सगळ्याच्या बेरजेवर ३ टक्के, दीड केंद्राचा आणि दीड राज्याचा. पहिल्या दुकानात बेरीज १,६३,५००, त्यावर ४,९०५, म्हणजे १,६८,४०५. दुसऱ्याकडे १,६९,९५०. कुणी मजुरीवर वेगळा ५ टक्के लावला तर विचारा का लावला, कारण ५ टक्क्यांचा दर जॉबवर्कचा, म्हणजे सोनं एकाचं आणि घडवून देणारा दुसरा असा व्यवहार असतो तेव्हाचा. मजुरीच्या ७,५०० वर हा फरक १५० रुपयांचा पडतो. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ५३ रुपये १० पैसे, ते बिलात वेगळे दिसले पाहिजेत. त्याचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी दागिन्यावर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथेच दुकानात तपासा.

आणि हो, जुनी मोड देणार असाल तर तिची किंमत जीएसटी लावून झाल्यावर वजा होते, कर नव्या दागिन्याच्या पूर्ण रकमेवरच लागतो. म्हणजे मोड ५०,००० ची असली तर वरच्या बिलात ४,९०५ तसेच राहतात आणि हॉलमार्क सोडून खिशातून जातात १,१८,४०५.