सीलबंद खोका, उघडा खोका आणि सुटे नग: मोजताना गडबड कुठे होते

नमस्कार. आज स्टॉकमोजणीतल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. एकच माल तीन रूपांत पडलेला असतो, काही सीलबंद खोक्यांत, काही अर्धवट उघडलेल्या खोक्यांत आणि काही सुटा, आणि तो मोजताना एक नग दोनदा मोजला जाऊ नये आणि एकही सुटू नये यासाठी नेमकं काय करायचं. बरीच वर्षं मी हे काम करतोय आणि माझ्या अनुभवात साधी बेरीज चुकून फार कमी वेळा फरक आलाय, फरक येतो तो एकच वस्तू दोन रूपांत दिसते म्हणून.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. काचेचे ग्लास. ६ ग्लासचा एक सेट, सेटचा छोटा बॉक्स प्लास्टिकमध्ये सील केलेला, असे ८ सेट एका मोठ्या खोक्यात. म्हणजे एका खोक्यात ४८ ग्लास. गोडाऊनमध्ये खोक्यांची थप्पी आहे, बाजूला दोनतीन खोके उघडे आहेत, आणि माल काढायच्या रॅकवर काही सेट आणि काही सुटे ग्लास आहेत.

पहिली गोष्ट मोजायला उभं राहायच्या आधीच ठरवायची, की शेवटचा आकडा कशात लिहायचा. मी म्हणतो सगळ्यात लहान युनिटमध्ये, इथे ग्लास. कारण सेटमध्ये लिहायचं ठरवलं की ५ ग्लास उरलेल्या सेटचं काय करायचं हा प्रश्न येतो, मग कोणी त्याला एक सेट म्हणतं, कोणी शून्य म्हणतं, कोणी पॉइंट काहीतरी लिहितं आणि तिघांच्या शीटवर तीन वेगळे आकडे येतात. माझा नियम असा की ज्याचं सील फुटलं तो सेट राहिला नाही, आतले जेवढे चांगले ग्लास आहेत ते सुटे. तडा गेलेला किंवा फुटलेला असेल तो वेगळ्या ओळीत, खराब माल म्हणून. सेटमध्ये वेगवेगळ्या वस्तू असतील आणि प्रत्येकीचा कोड वेगळा असेल तर जरा जास्त काम पडतं, फोडलेल्या सेटमधली प्रत्येक वस्तू तिच्या स्वतःच्या कोडखाली लिहायची आणि सिस्टिममध्ये तो सेट मोडल्याची एन्ट्री झालीय का ते बघायचं, नाहीतर सेट कमी आणि सुट्या वस्तू जास्त असे दोन खोटे फरक एकदम दिसतात.

आता शीट. शीटवर तीन वेगळे रकाने हवेत, सीलबंद खोके, सीलबंद सेट आणि सुटे नग. आणि मोजणाऱ्याने जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, १७ खोके दिसले तर १७, गुणाकार करायचा नाही. गुणाकार नंतर टेबलावर, दुसऱ्या माणसाने. जागेवर उभं राहून डोक्यात सतरा गुणिले अठ्ठेचाळीस करणारा माणूस मध्येच कोणी हाक मारली की कुठे होतो ते विसरतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फक्त उत्तर लिहिलेलं असलं की चूक मोजण्यात झाली की गुणाकारात हे नंतर कळायला मार्गच राहत नाही. सिस्टिममधला आकडा पण त्या शीटवर छापायचा नाही. तो समोर असला की हात आपोआप त्या आकड्यापाशी येऊन थांबतो, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी.

मोजणीच्या वेळी माल हलता कामा नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण एक हालचाल कोणी हालचाल म्हणून धरतच नाही. थप्पीतला एक खोका उघडून त्यातले सेट रॅकवर भरणं. माल बाहेर गेलेला नसतो, आत आलेला नसतो, म्हणून वाटतं काय फरक पडतो. पण थप्पी मोजून झाली आणि नंतर त्यातला खोका उघडून रॅक भरला, आणि मग रॅक मोजला, तर ते ४८ ग्लास दोन्हीकडे मोजले गेले. उलट क्रमाने केलं, म्हणजे रॅक आधी मोजला, मग खोका रॅकवर रिकामा केला आणि मग थप्पी मोजली, तर ते ४८ कुठेच नाहीत. म्हणून रॅक आदल्या दिवशीच भरून ठेवायचा आणि मोजणी संपेपर्यंत एकाही खोक्याला कटर लावायचा नाही.

त्याच आदल्या दिवशी अजून एक काम करून घ्या, उघडे खोके कमी करा. एकाच मालाचे चार खोके अर्धवट असतील तर सेट एकत्र करून जितके भरतील तितके भरा आणि एकच अर्धवट ठेवा. पण आपण भरलेल्या खोक्याला टेप लावून तो थप्पीत सरकवून द्यायचा नाही. तो कंपनीतून सील होऊन आलेला खोका नाही, आपण भरलेला आहे, त्यावर आत काय आहे ते लिहिलेलं पाहिजे. हे का म्हणतोय ते पुढच्या हिशोबात दिसेल.

मी पाहिलेली मोजणी. सिस्टिम म्हणत होती ९५१ ग्लास. दोघं मोजत होते, एकाकडे थप्पी, दुसऱ्याकडे उघडे खोके आणि रॅक. पहिल्याने लिहिलं १८ सीलबंद खोके. दुसऱ्याने उघड्या खोक्यांचं लिहिलं: पहिल्यात ५ सेट, दुसऱ्यात ३ सेट आणि ४ सुटे, तिसऱ्यात ७ सेट. रॅकवर ४ सीलबंद सेट आणि ११ सुटे होते, पण घाईत ते ४ सेट सुट्या नगांच्या रकान्यात गेले. टेबलावर हिशोब झाला: १८ खोक्यांचे ८६४, उघड्या खोक्यांचे ९४, रॅकचे १५. एकूण ९७३. सिस्टिमपेक्षा २२ जास्त.

२२ हा आकडा बघून काहीच कळत नाही. ना तो ४८ चा, ना ६ चा. तिथे कोणीतरी म्हणालं पण की २२ च जास्त आहेत ना, कमी तर नाहीत, करून टाका ॲडजस्ट. मला ते पटलं नाही, कारण काचेचे ग्लास आपोआप वाढत नाहीत.

परत मोजलं, आणि या वेळी प्रत्येक खोक्यावर मोजून झाल्यावर स्टिकर लावत गेलो, सीलबंदला एक रंग, उघड्याला दुसरा. थप्पीच्या कडेच्या एका खोक्यावर स्टिकर लावायला गेलो तर टेप वेगळा. बाकी सगळ्यांवर कंपनीचा छापील टेप, याच्यावर साधा. कोणीतरी आधी उघडून, एक सेट काढून, परत टेप मारून ठेवला होता. पहिल्याने त्याला सीलबंद म्हणून पूर्ण ४८ धरला. दुसऱ्याला तो उघडलेला खोका आहे हे माहीत होतं, त्याने टेप काढला, ७ सेट मोजले, ४२ लिहिले आणि परत टेप लावला. दोघांनी आपापलं काम बरोबरच केलं होतं, पण एकच खोका दोन्ही शीटवर होता. एकूण ९० धरले गेले, प्रत्यक्षात ४२. म्हणजे ४८ जास्त. आणि रॅकवरचे ४ सेट ४ नग म्हणून लिहिले गेले, म्हणजे २४ च्या जागी ४, तिथे २० कमी. खरा हिशोब असा: १७ खोके ८१६, उघड्यांचे ९४, रॅकवर २४ आणि ११ मिळून ३५. एकूण ९४५.

म्हणजे २२ जास्त नव्हतेच, सिस्टिमपेक्षा ६ कमी होते. आणि ६ म्हणजे बरोबर एक सेट. तोच, साध्या टेपच्या खोक्यातून काढलेला. शोधल्यावर चिठ्ठी सापडली, सेट नमुना म्हणून दाखवायला दिला होता, एन्ट्री राहिली होती. पहिल्याच आकड्यावर ॲडजस्ट केलं असतं तर सिस्टिममध्ये २८ ग्लास असे बसले असते जे कुठेच नाहीत, आणि कोणीतरी त्यांची ऑर्डर घेतली असती.

यातून एक उपयोगी सवय लागली मला, फरकाचा आकडा पॅकच्या आकड्यांशी ताडून बघायची. फरक ४८ च्या पटीत असेल तर पूर्ण खोका सुटलाय किंवा दोनदा आलाय. ६ च्या पटीत असेल तर सेट. पण ५ च्या किंवा ४७ च्या पटीत असेल तर मी आधी रकाने बघतो, कारण एक सेट एक नग म्हणून लिहिला की ६ च्या जागी १ येतो आणि फरक ५ चा पडतो, खोका नग म्हणून लिहिला की ४७ चा. पॅकमधून एक वजा केलेला आकडा दिसला की चूक गोडाऊनमध्ये नाही, कागदावर आहे. अर्थात आपल्या उदाहरणासारख्या दोनतीन चुका उलटसुलट दिशेने झाल्या की एकूण फरकात हे काही दिसत नाही, म्हणून ताडायचं ते रकान्याप्रमाणे, दोन मोजण्यांचे रकाने शेजारी ठेवून.

नग सुटतात कुठे? सगळ्यात जास्त थप्पीत. समोरून ४ रुंद, ५ उंच दिसते, खोली ३, म्हणून माणूस ६० लिहून मोकळा होतो. पण मागची रांग वरून दोन खोक्यांनी कमी असते, किंवा मध्ये पोकळी असते, कारण कोणीतरी मागून माल काढलाय. म्हणून वरून चढून बघायचं आणि थराथराने मोजायचं, आणि वरचा थर अपुरा असेल तर तो खोका खोका मोजायचा. रिकामे खोके थप्पीत ठेवू द्यायचेच नाहीत, आणि कडेचा प्रत्येक खोका जरा उचलून बघायचा, रिकामा किंवा अर्धा असेल तर हाताला लगेच कळतं. आणि लेबल वाचायचं. जुन्या बॅचचा खोका ६ सेटचा आणि नवा ८ चा, बाहेरून जवळपास सारखे, असं होतं. तेव्हा एकाच मालाला शीटवर दोन ओळी करायच्या, एक ६ वाल्यांची आणि एक ८ वाल्यांची.

वजनावर मोजायचं का असं नेहमी विचारतात. स्क्रू, वॉशर असल्या बारीक, एकसारख्या मालाला चांगलं चालतं, रिकाम्या डब्याचं वजन आधी वजा करायचं आणि एका नगाचं वजन एकाच नगावरून न काढता मोजलेल्या शंभरेक नगांवरून काढायचं, कारण नगानगात थोडा फरक असतोच आणि तो हजारो नगांवर वाढत जातो. ग्लासला मी नाही वापरत. काचेच्या जाडीत फरक असतो आणि तडा गेलेल्या ग्लासचं वजन चांगल्याएवढंच भरतं.

उघड्या खोक्यासाठी आता आम्ही असं करतो. मोजला की झाकणाच्या फटीवर आडवी कागदी पट्टी चिकटवायची, त्यावर आतले सेट, सुटे नग, तारीख आणि सही. कोणी उघडला तर पट्टी फाटते आणि तो खोका परत मोजावा लागतो, पट्टी अखंड असेल तर तिच्यावरचा आकडा सरळ शीटवर उतरवायचा. फक्त पट्टी झाकणाच्या दोन्ही पाळ्यांवर नीट आली पाहिजे आणि खालच्या बाजूलाही एक लावली पाहिजे, खोका खालूनही उघडतो.