मिटिंगमध्ये कान तापले की आधी एक शब्द लिहा

(सोसायट्यांच्या कमिटी मेंबर्ससमोर झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

माईक जरा खरखरतोय, चालेल ना? बरं. मी आमच्या सोसायटीचा चार वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे एजीएममध्ये शिव्या सोडून बाकी सगळं खाऊन झालंय, एकदा शिव्याही. आज फक्त एकाच गोष्टीवर बोलतो, समोरचा काहीतरी लागेल असं बोलतो आणि आपण तोंड उघडतो, त्या मधल्या तीन-चार सेकंदांवर.

आमच्याकडे गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलेलं, कोटेशन होतं 4 लाख 20 हजारांचं आणि पैसे गेले 4 लाख 86 हजार. एजीएममध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले आणि म्हणाले, "हे वरचे 66 हजार कुठे गेले ते सेक्रेटरींनी सांगावं." एवढंच. पण "कुठे गेले" वर असा काही जोर दिला की मागच्या रांगेत दोघं हसले. माझे कान तापले, हात टेबलावरच्या फाइलवर घट्ट बसला, आणि जिभेवर तयार वाक्य होतं, "काका, तुम्ही स्वतः एकदा तरी गच्चीवर चढलात का?" आधीच्या वर्षी अशाच वेळी मी असंच बोललो होतो आणि सभा पाऊण तास पार्किंगच्या जुन्या भांडणात गेली होती, मूळ मुद्दा मिनिट्समध्येसुद्धा आला नाही.

यावेळी मी पेन घेतलं आणि अजेंड्याच्या कडेला लिहिलं, "राग". मग स्वतःलाच विचारलं, नक्की राग? राग असता तर मला काकांना काहीतरी करावंसं वाटलं असतं, पण मला तर तिथून उठून जावंसं वाटत होतं. म्हणून तो शब्द खोडून "अपमान" लिहिलं. आणि त्याखाली, जरा लाज वाटली लिहिताना, "धास्ती". कारण त्या 66 हजारांपैकी 48 हजार कठड्याच्या प्लास्टरचे होते, त्याचं बिल फाइलमध्ये होतं, पण 18 हजारांचं पाइप बदलल्याचं बिल मला सापडत नव्हतं, आणि हे मला सभेच्या आधीपासून माहीत होतं.

आता बघा, भावनेचं नाव बदललं तसं उत्तर बदललं. रागाला उत्तर म्हणजे टोमणा. अपमानाला उत्तर म्हणजे मी किती राबलो त्याची यादी. पण धास्तीला एकच उत्तर असतं, लपवतोय ते बाहेर काढ. मी म्हणालो, "48 हजारांचं बिल हे बघा, 18 हजारांचं माझ्याकडे आत्ता नाही, पेमेंट चेकने झालंय, बिल मिळवून पंधरा दिवसांत बोर्डावर लावतो." काका खाली बसले. खूश झाले असं नाही, पण बसले.

यामागे थोडं संशोधनही आहे, ते पटकन सांगतो. 2007 मध्ये अमेरिकेत यूसीएलएच्या मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायचा म्हटलं की मेंदूतला धोक्याला दचकणारा भाग, अमिग्डला, कमी पेटायचा, आणि कपाळामागचा उजव्या बाजूचा एक भाग जास्त काम करायचा. त्याच चेहऱ्यांना फक्त बाई की पुरुष असं नाव दिलं तर हा परिणाम तेवढा दिसला नाही, म्हणजे नुसतं काहीतरी बोलून उपयोग नाही, भावनेचाच शब्द लागतो.

मला जास्त आवडतो तो 2012 चा कोळ्याचा प्रयोग. कोळ्याला घाबरणारी माणसं आणि समोर जिवंत टॅरंट्युला. काहींना सांगितलं तुमची भीती शब्दात सांगा, काहींना सांगितलं कोळ्यापासून धोका नाही असं काहीतरी म्हणा, काहींना विषय बदलायला लावला. आठवड्याने परत बोलावलं तेव्हा भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या हातांना घाम कमी येत होता. गंमत म्हणजे "किती भीती वाटतेय" असं विचारलं तर सगळ्या गटांचं उत्तर साधारण सारखंच. मिटिंगवाल्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण नाव दिल्यावर लगेच गार वाटेल अशी अपेक्षा ठेवली तर आपण म्हणणार हे काही चालत नाही आणि सोडून देणार. माझे कान तर काका बसल्यावरही तापलेलेच होते.

मराठीत यात एक मोठा खड्डा आहे, तो म्हणजे "वाटतं". मला भीती वाटते हेही वाटतंच, आणि मला वाटतं खजिनदार मला मुद्दाम अडकवतोय हेही वाटतंच. पहिली भावना आहे, दुसरा आरोप आहे. कागदावर "मला टार्गेट करतायत" असं लिहिलंत तर तुम्ही भावनेला नाव दिलं नाहीये, केस तयार केली आहे, आणि त्याने डोकं उलट जास्त तापतं. ओळखायची खूण सोपी, वाक्यात दुसरा माणूस आला की समजायचं गाडी घसरली. शब्द एकटा पाहिजे. वैताग, हिरमोड, धास्ती, ओशाळलेपण, असूया. अहो आपल्याकडे "कानकोंडं होणं" असा शब्द आहे, चारचौघात उघडं पडल्यावर नजर कुठे ठेवावी कळत नाही त्याला, आणि आपण सगळ्याला टेन्शन म्हणून मोकळे होतो! टेन्शनला काय उत्तर देणार, चहा?

दुसरी चूक, ही मी स्वतः केलीय, ती म्हणजे समोरच्याच्या भावनेला नाव देणं. "वहिनी, तुम्ही चिडलाय" म्हणून बघा एकदा भर सभेत. चिडल्या नसतील तर चिडतील. ट्रेनिंगमध्ये काही जण हे शिकवतात, समुपदेशकाच्या खोलीत चालतही असेल, पण चाळीस लोकांसमोर तो शेराच होतो. नाव स्वतःचं, मनात किंवा कागदावर, आणि कागद उपडा ठेवा, माझा एकदा शेजारच्याने वाचलाय.

आणि एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2021 मध्ये एरिक नूक आणि सहकाऱ्यांचं काम आलं, त्यात दिसलं की आधी भावनेला नाव दिलं आणि मग लगेच त्या प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने बघायला सांगितलं, तर ते नीट जमत नाही. नाव दिलं की भावना जणू सेट होते, सिमेंटसारखी. म्हणून मी दोन गोष्टी पाळतो. पहिला शब्द पेन्सिलीचा समजतो, खोडायला मोकळा, जसा माझा "राग" खोडला गेला. आणि नाव दिल्यावर "तसं काका चांगलेच आहेत" अशी मनाची समजूत काढायला जात नाही, तर सरळ पुढचं एक वाक्य ठरवतो, प्रश्न विचारायचा, माहिती द्यायची की "याचं उत्तर पुढच्या मिटिंगला देतो" म्हणायचं. आवाज थरथरत असेल तर तिसरं.

ते 18 हजारांचं बिल, विचाराल म्हणून सांगतो, दहा दिवसांनी माझ्याच स्कूटरच्या डिकीत सापडलं. काकांच्या घरी घेऊन गेलो, त्यांनी चष्मा लावला, उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "यावर तारीख नाही." जिन्यात उभं राहून मी मनात शब्द शोधला. वैताग. मग परत वर गेलो आणि कॉन्ट्रॅक्टरचा नंबर त्यांच्याकडूनच मागून घेतला, कारण माझ्याकडचा बंद झाला होता.