पंधरा पिक्सेल जपताना

[पडदा: पांढऱ्या पार्श्वभूमीवर सहा निळे स्तंभ. खाली वर्षं, वर आकडे.]

महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा हा साधा स्तंभालेख. राज्य स्थापन झालं १ मे १९६० ला, त्यामुळे पहिला स्तंभ १९६१ च्या जनगणनेचा आहे: ३ कोटी ९६ लाख. पुढे दर दहा वर्षांनी ५.०४, ६.२८, ७.८९, ९.६९ आणि २०११ ला ११.२४ कोटी.

आकडे चोख आहेत. पण हा आलेख शाळेच्या भिंतीवर लावला तर पाचवीतली मुलं त्याच्यापुढे थांबणार नाहीत. म्हणून त्याला चित्रांचं रूप द्यायचं. माणसं, उबदार रंग, हाताने ओढल्यासारख्या रेषा, सगळं हवं.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट नीट पाहून ठेवू.

[पडदा: शेवटचे तीन स्तंभ जवळून. त्यांच्या माथ्यांमधल्या दोन पायऱ्या रंगवलेल्या.]

१९९१ ते २००१ या दशकात सुमारे १ कोटी ८० लाख माणसं वाढली. पुढच्या दशकात १ कोटी ५५ लाख. लोकसंख्या वाढतेच आहे, पण शेवटची पायरी आधीच्या पायरीपेक्षा बुटकी झाली. या आलेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. आपला कॅनव्हास १९२० बाय १०८० पिक्सेलचा आणि प्रमाण १ कोटीला ६० पिक्सेल. या प्रमाणात पहिली पायरी १०८ पिक्सेलची होते आणि दुसरी ९३ ची. फरक पंधरा पिक्सेलचा. सजावट करताना हे पंधरा पिक्सेल हरवले, तर आलेख सुंदर दिसेल, पण सांगायचं ते सांगणार नाही.

[पडदा: स्तंभांच्या जागी फेटा बांधलेला माणूस. १९६१ चा लहान, २०११ चा मोठा.]

पहिला मोह हा. स्तंभ काढायचा आणि त्या उंचीचा माणूस उभा करायचा. १९६१ चा माणूस २३८ पिक्सेल उंच, २०११ चा ६७४, म्हणजे २.८४ पट. हिशेब बरोबर वाटतो. पण माणूस उंच केला की तो त्याच प्रमाणात रुंदही होतो. कागदावर त्याने व्यापलेली जागा आठ पट होते आणि डोळा जागाच मोजतो. त्याला छाया देऊन गोलाई आणली, तर भास तेवीस पटींकडे जातो.

व्हिएन्नामध्ये ऑटो नॉइराट यांनी १९२५ साली समाज आणि अर्थव्यवहाराचं एक संग्रहालय सुरू केलं. तिथे मारी राइडेमाइस्टर आणि चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ यांच्यासोबत त्यांनी आकडे चित्रांत मांडण्याची पद्धत घडवली. पुढे ती आयसोटाइप नावाने ओळखली गेली. तिचा मूळ नियम असा, की संख्या मोठी असेल तर चित्र मोठं करायचं नाही, चित्रं जास्त काढायची.

[पडदा: सहा आडव्या रांगा, सारख्या मापाची माणसं.]

एक माणूस म्हणजे ५० लाख धरू. रांगांमध्ये अनुक्रमे ८, १०, साडेबारा, १६, साडेएकोणीस आणि साडेबावीस माणसं येतात. सगळ्या रांगा डावीकडे एकाच रेषेवरून सुरू होतात आणि शेवटी खरा आकडा लिहिलेला असतो. वाचायला ही मांडणी फार सोपी आहे. मात्र अर्ध्याहून लहान तुकडा इथे चालत नाही. पाव माणूस कापला तर नुसता हात उरतो आणि तो पाव आहे हे कुणालाच कळत नाही. शिवाय आपल्या दोन पायऱ्यांमधला फरक इथे जेमतेम अर्ध्या माणसाएवढा होतो. म्हणून या आलेखापुरते स्तंभच ठेवू आणि माणसं त्यांच्या आत उभी करू.

[पडदा: इंकस्केप. तीन लेयर, खालच्याला कुलूप.]

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन लेयर करायचे. सगळ्यात खाली मूळ आलेख, कुलूप लावलेला. त्यावर चित्रं आणि सगळ्यात वर अक्षरं. नवे स्तंभ मूळ स्तंभांवरच आखायचे आणि उंची हाताने न ओढता वरच्या `H` चौकटीत टाइप करायची.

इथे एक बारीक अडचण येते. इंकस्केप नेहमीच्या मांडणीत बाह्यरेषेची जाडीही उंचीत धरतो. सहा पिक्सेलची रेषा असेल तर वर तीन आणि खाली तीन त्यात मिसळतात. म्हणून आधी ही निवड बदलायची:

```
Edit > Preferences > Tools
Bounding box to use: Geometric bounding box
```

[पडदा: स्तंभाचा माथा, खूप मोठा करून. रेषा थरथरती.]

आता हाताने काढल्याचा भास. यासाठी बहुतेक जण पूर्ण स्तंभाला खडबडीत रेषेचा इफेक्ट लावतात आणि माथाही वरखाली होतो. समजा, थरथर फक्त चार पिक्सेलची आहे. शेवटच्या तीन स्तंभांतला मधला माथा चारने खाली आला आणि बाजूचे दोन्ही चारने वर गेले, तर आधीची पायरी १०८ वरून १०० होते आणि नंतरची ९३ वरून १०१. जी बुटकी होती, तीच उंच दिसायला लागते.

उपाय साधा आहे. थरथर बाजूंच्या रेषांना द्या, आतल्या रंगाला ब्रशचे फटकारे द्या, आधाररेषेखाली गवत काढा, पण माथा सरळ ठेवा. कोपरे गोल करायचे तर चार-सहा पिक्सेलच. माथा अर्धगोल केला तर उंची कुठे वाचायची हा प्रश्न पडतो. माथ्यावर बसलेलं मूलही नको. त्याची ६० पिक्सेलची उंची म्हणजे आणखी एक कोटी. ते मूल स्तंभाच्या आत छान मावतं.

[पडदा: एकच आकडा, दोन फॉन्टमध्ये.]

अक्षरांकडे येऊ. हा आकडा वाचा. ११.२४ की ९९.२४? गोलमटोल, लहान मुलांच्या वळणाच्या देवनागरी फॉन्टमध्ये १ ची शेपटी आखूड होते, ९ चं पोट फुगतं आणि दोघे जुळे दिसू लागतात. २ आणि ३ चंही तसंच. त्यामुळे फॉन्ट निवडताना कखग पाहण्याआधी ० ते ९ टाइप करून पाहायचे. बालू किंवा मुक्त यांत अंक स्वच्छ आहेत. वेगळा, खेळकर फॉन्ट हवाच असेल तर तो शीर्षकाला द्या.

मापाचा हिशेबही करून ठेवू. उभ्या धरलेल्या मोबाइलवर ही चौकट जेमतेम सात सेंटिमीटर रुंद दिसते. म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे २७ पिक्सेल. अक्षर दोन मिलिमीटरचं हवं तर ५४ पिक्सेलपेक्षा लहान नको. दोन ओळींचं लेबल असेल तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आकडे चित्रावर न टाकता माथ्याच्या वर, मोकळ्या जागेत, गडद रंगात लिहायचे. हळदी रंगाचा आकडा पांढऱ्यावर कितीही गोड दिसला, तरी दुरून तो नाहीसा होतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा उजळपणाचा फरक हवा.

[पडदा: तयार चित्र. त्यावर मूळ निळा आलेख, अर्धपारदर्शक.]

शेवटी चित्र पीएनजी करून घ्यायचं, पुन्हा उघडायचं आणि मूळ आलेख त्यावर अर्धपारदर्शक करून ठेवायचा. सहाही माथे एकमेकांवर बसले का ते पाहायचं. मग मोजपट्टी घेऊन शेवटच्या दोन पायऱ्या मोजायच्या.

[पडदा: मोजपट्टी. १०८. मग ९३.]