नको म्हणणाऱ्या भावाची भाऊबीज

नमस्कार श्रोतेहो, आणि दिवाळीला माहेरी निघालेल्या बहिणींनो. ताटात ओवाळणी भाऊ घालेलच, पण त्यालाही काही द्यावं म्हणून विचारलं की आपल्याकडचं उत्तर ठरलेलं: "माले काहीच नको बाई, तू उनी ना, बस." अशा भावाला विचारू नका. तो काय बांधून, शिवून, ठोकून वापरतोय ते पाहा. पुन्हा सांगते, विचारू नका, पाहा.

माझा दादा चोपड्याकडे शेती करतो. गेल्या दिवाळीत ओट्यावर त्याची चप्पल दिसली. अंगठ्याजवळचा पट्टा तुटलेला, खालून तार घालून पिळलेला. दुसरा जोड नव्हताच. शेताला रात्रीची लाइन होती, म्हणजे त्याच चपलेवर मध्यरात्री कपाशीला पाणी भरायला जाणं. वहिनी म्हणाली, "परवाच बांधावर घोणस निघाली, तरी ऐकत नाहीत."

मी गमबूट घ्यायचं ठरवलं, पण नंबर कसा कळणार? चपलेवरचा आकडा कधीच झिजला होता. दादा पाणी भरून आला तेव्हा ओट्याच्या फरशीवर त्याचं चिखलाचं पाऊल उमटलं. वहिनीच्या डब्यातला दोरा काढला, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत धरला आणि तोडून पदराला बांधला. बाजारात तो दोरा बुटात सरळ टाकला. मागे एक बोट मावेल इतकी जागा राहिली, तोच जोड घेतला. मोजे घालायचे तर एवढी जागा लागतेच. घट्ट बूट चावतो, सैल बूट चिखलात रुतून बसतो आणि पाय तेवढा बाहेर येतो.

ओवाळल्यावर बूट पुढे ठेवले. "अरे, कशाला खर्च?" म्हणत दादानं ते बाजूला सारले. त्या रात्री लाइन आली, आणि सकाळी पाहते तर बूट दाराशी, नडगीपर्यंत काळ्या मातीनं माखलेले.

भावाला शर्टपीस देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ते पेटीतच राहतात. आणि भाऊबीजेच्या जेवणाला भरीत असेल तर वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजा, गॅसवर ती चव येत नाही.

तर, गमबूट गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे घ्या, कारण शेतातले बरेचसे सर्पदंश पावलाला आणि घोट्याजवळ होतात. बूट असले तरी हातात बॅटरी हवीच. गवतात हात घातला तर बूट काय करणार? आणि भावाला बजावून सांगा, घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा, आत विंचू बसतो. दोन्ही बूट, दर वेळी, उलटे करून झटकायचे. दुकानाची पावती मात्र वहिनीकडे द्या, नंबर चुकला तर बदलून आणायला तीच जाईल.